पीएमपीच्या पेपरात चारही उत्तरं बरोबर वाटतात तेव्हा

माझा मामेभाऊ सध्या पीएमपीची, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरांच्या सर्टिफिकेट परीक्षेची, तयारी करतोय. सकाळी डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत आम्ही एकाच डब्यात असतो, मग तो ऐरोलीसाठी ट्रान्स-हार्बर पकडतो आणि मी पुढे घाटकोपरला उतरून मेट्रोने साकीनाक्याला. त्या वीस-पंचवीस मिनिटांत एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर मॉकचे प्रश्न सोडवणं हा त्याचा रोजचा कार्यक्रम. परवा दिव्याच्या आसपास वैतागून बोलला, "दादा, ह्यात चारही बरोबर आहेत रे. म्हणजे मी प्रोजेक्ट मॅनेजर असतो ना, तर मी चारही गोष्टी केल्या असत्या. मग चूक कशाला म्हणायचं?"

आणि खरं सांगायचं तर तो बरोबरच बोलत होता, चारही बरोबर होती. तिथेच सगळी गोम आहे. आपण शाळेपासून जे पेपर दिले त्यात एक उत्तर बरोबर आणि तीन चुकीची असायची, त्यामुळे डोकं आपोआप चुकीची शोधायला लागतं. पीएमपीच्या ह्या "प्रोजेक्ट मॅनेजरने सगळ्यात आधी काय करावं" टाइपच्या प्रश्नांत तसं नसतं. ती चार उत्तरं बऱ्याच वेळा एकाच कामाच्या चार पायऱ्या असतात, फक्त उलटसुलट मांडलेल्या, आणि आपल्याला विचारलेलं असतं की बाबा तू आत्ता नेमका कुठे उभा आहेस आणि इथून पुढची पायरी कुठली. म्हणजे प्रश्न बरोबर-चूकचा नाही, क्रमाचा आहे. हे डोक्यात बसलं की निम्मी चिडचिड कमी होते. उरलेली निम्मी तशीच राहते, तिचं पुढे बघू.

एकच प्रश्न घेतो आणि तोच उलटापालटा करून दाखवतो, कारण मला स्वतःला दहा वेगवेगळे प्रश्न सोडवून जे कळलं नाही ते एकाच प्रश्नातला एक-एक शब्द बदलून कळलं. प्रश्न मी बनवलेला आहे, पेपरातला नाही.

एका हॉस्पिटलमध्ये नवीन बिलिंग सिस्टिम बसवायचं काम चालू आहे. प्लॅन मंजूर झालाय, स्कोप म्हणजे कामात काय-काय येतं ते, शेड्यूल आणि खर्च तिन्हीच्या बेसलाइन, म्हणजे पुढे ज्याच्याशी ताडून बघायचं ती मंजूर मापं, ठरल्यात, काम पद्धतशीर टप्प्याटप्प्याने चाललंय. तिसऱ्या महिन्यात हॉस्पिटलचे अकाउंट्स हेड तुमच्या टीममधल्या डेव्हलपरला परस्पर फोन करतात आणि सांगतात की पेशंटला डिस्काउंट द्यायचा असेल तर एकाऐवजी दोन जणांची मंजुरी लागेल असं करून द्या. डेव्हलपर साप्ताहिक मीटिंगमध्ये तुम्हाला सांगतो, "दोन दिवसांचं काम आहे, करून टाकू का?" प्रोजेक्ट मॅनेजरने सगळ्यात आधी काय करावं?

अ. चेंज रिक्वेस्ट भरून बदलांना मंजुरी देणाऱ्या चेंज कंट्रोल बोर्डाकडे पाठवावी.
ब. ह्या बदलाचा स्कोप, शेड्यूल आणि खर्चावर काय परिणाम होईल ते टीमसोबत तपासावं.
क. अकाउंट्स हेडशी बोलून बदलाची ठरलेली प्रोसेस काय आहे ते समजावून सांगावं.
ड. स्पॉन्सरला कळवावं की स्कोपबाहेरची मागणी आली आहे.

मामेभावाने "अ" मारलं. का? तर "प्रोसेस फॉलो करायची ना, चेंज आला की चेंज रिक्वेस्ट." बरोबर आहे, पण जरा ती चेंज रिक्वेस्ट भरायला बसा. फॉर्ममध्ये काय लिहिणार? बदल काय हवाय हे लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात "किती दिवस वाढतील, किती पैसे लागतील, अजून कशाला धक्का लागेल" तिथे काय लिहिणार, दोन दिवस? ते डेव्हलपरचं तोंडी बोलणं आहे. त्याने कोड लिहायला लागणारा वेळ सांगितला, पण दुसरा मंजुरी देणारा सुट्टीवर असेल तर काय, रात्री इमर्जन्सीत डिस्चार्ज असेल तर काय, टेस्टिंग पुन्हा किती करावं लागेल, काउंटरवरच्या लोकांचं ट्रेनिंग ज्या स्क्रीनवर ठरलंय ती स्क्रीन बदलणार त्याचं काय, हे कोणी बघितलंच नाहीये. बोर्डात बसलेली माणसं पहिला प्रश्न हाच विचारणार आणि तुम्ही "बघून सांगतो" म्हणणार. म्हणजे "ब" केल्याशिवाय "अ" नीट होतच नाही.

"क" सुद्धा करायचंच आहे, नाही केलं तर पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा डेव्हलपरला फोन करतील. पण आत्ता गेलात तर तुमच्याकडे त्यांना सांगायला काय आहे? फक्त "असं परस्पर करायचं नाही हो". त्यापेक्षा परिणाम बघून गेलात तर बोलण्यात वजन येतं. आणि "ड", स्पॉन्सरला कळवणं, ते तर अर्धवट माहिती घेऊन वरच्याच्या दारात जाणं झालं, स्पॉन्सर विचारणार "मग तुझं म्हणणं काय?" आणि तुमचं म्हणणं अजून तयारच नाही.

तर उत्तर "ब". पण उत्तरापेक्षा ते कसं आलं ते बघा. मी असं विचारलं नाही की ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय. महत्त्वाचं म्हणाल तर कदाचित बोर्डाची मंजुरीच सगळ्यात महत्त्वाची. मी विचारलं की ह्यातली कुठली गोष्ट दुसरी गोष्ट केल्याशिवाय होऊच शकत नाही. दोन उत्तरांवर अडकलात की हाच एक प्रश्न विचारायचा, "हे आधी न करता ते नीट करता येईल का?" ज्याच्यावर दुसरं अवलंबून आहे ते आधी. भात लावायच्या आधी तांदूळ धुतो, म्हणून कोणी धुणं हे शिजण्यापेक्षा महत्त्वाचं आहे असं म्हणत नाही, इतकंच साधं आहे ते.

आता तोच प्रश्न, फक्त एक वाक्य वाढवतो. "तुम्ही टीमसोबत बसून बघितलं तेव्हा दोन नाही तर नऊ दिवसांचं काम निघालं आणि गो-लाइव्हची तारीख पुढे जाईल असं दिसलं. आता काय करावं?" पर्याय तेच चार. आता "ब" मारलंत तर गेलात, कारण ते प्रश्नातच करून झालंय. आता "अ". हा ह्या पेपरातला सगळ्यात कॉमन खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात कितीदा पडलोय ते सांगत नाही. आपण कुठेतरी पाठ करून ठेवलेलं असतं "आधी परिणाम तपासा", आणि पर्यायांत ते वाक्य दिसलं की हात आपोआप तिकडे जातो, प्रश्नात ते आधीच झालंय हे डोळ्याखालून निसटतं. म्हणून प्रश्न वाचताना जे-जे "करून झालंय" अशी क्रियापदं आहेत ती बोटाने मोजा. बोलून झालं, तपासून झालं, मंजूर झालं, लॉगमध्ये लिहून झालं. जे झालंय त्याचा पर्याय लगेच कटाप.

अजून एक पायरी पुढे जाऊ. "बोर्डाने बदल मंजूर केला. पुढे काय?" इथे पर्यायांत "टीमला काम सुरू करायला सांगावं" हे टपून बसलेलं असतं, आणि ऑफिसात आपण अगदी तेच करतो, अप्रूव्हल मेल आला की त्याच मेलवर टीमला "प्लीज प्रोसीड" टाकतो. पीएमपीच्या जगात मंजुरीनंतर आधी प्लॅन आणि लागत असेल तर बेसलाइन अपडेट करायची, मग संबंधितांना कळवायचं, मग काम. का, तर टीम ज्या प्लॅनकडे बघून काम करते तो जुनाच राहिला तर नऊ दिवसांनी तुमचं शेड्यूल लाल दिसणार आणि कोणालाच आठवणार नाही की हे नऊ दिवस आपणच मंजूर केले होते. मला ही पायरी आधी नुसती कागदी वाटायची, पण एकदा खऱ्या प्रोजेक्टवर तीन महिने "तुम्ही लेट आहात" ऐकून घेतल्यावर पटली.

आता शब्द बदलतो. सगळं तेच, पण प्रश्नात कुठेतरी लिहिलंय की टीम स्प्रिंटमध्ये, म्हणजे दोन-दोन आठवड्यांच्या छोट्या टप्प्यांत, काम करतेय आणि प्रॉडक्ट ओनर आहे. अकाउंट्स हेडने चालू स्प्रिंटच्या मधेच डेव्हलपरला फोन केला. पर्यायांत आहे: चेंज रिक्वेस्ट भरावी, टीमला चालू स्प्रिंटमध्येच घ्यायला सांगावं, मागणी प्रॉडक्ट ओनरकडे न्यायला सांगावं म्हणजे ती बॅकलॉगमध्ये, करायच्या कामांच्या यादीत, जाऊन तिची प्रायॉरिटी ठरेल, आणि स्पॉन्सरला कळवावं. इथे चेंज कंट्रोल बोर्डाचं नावही काढायचं नाही. ह्या पद्धतीत बदल येणारच हे धरूनच काम चालतं आणि कुठलं काम आधी हे ठरवायचा अधिकार प्रॉडक्ट ओनरचा असतो, तुमचा नाही आणि डेव्हलपरचा तर नाहीच नाही. म्हणजे आधीच्या प्रश्नात "साहेबांना योग्य रस्ता दाखवा" हे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर होतं, इथे ते पहिल्यावर आलं. गोष्ट तीच, माणसं तीच, उत्तर वेगळं, आणि फरक पडला तो दोन शब्दांनी.

2021 मध्ये आलेल्या पॅटर्नमध्ये साधारण निम्मे प्रश्न अजाइल म्हणजे ह्या स्प्रिंटवाल्या किंवा हायब्रिड म्हणजे दोन्ही मिसळलेल्या पद्धतीचे होते, त्यामुळे "मी तर पद्धतशीर प्लॅनवाला माणूस" असं म्हणून चालत नाही. प्रश्न वाचताना दोन गोष्टी आधी हुडकायच्या. काम कुठल्या पद्धतीने चाललंय, आणि ह्यात मी कोण आहे, माझा अधिकार कुठपर्यंत. बेसलाइन, चेंज कंट्रोल बोर्ड, मंजूर प्लॅन असे शब्द दिसले की एक जग. स्प्रिंट, बॅकलॉग, रेट्रो, प्रॉडक्ट ओनर दिसले की दुसरं. तुमचं पद पण बघा हां, कारण स्क्रम मास्टरने, म्हणजे स्प्रिंटवाल्या टीमला ती पद्धत पाळायला मदत करणाऱ्याने, टीमसाठी निर्णय घेतला असं उत्तर दिसलं तर ते बहुतेक करून फसवायलाच ठेवलेलं असतं.

ह्याच प्रश्नाची शेवटची ओळ बदलून अजून एक गंमत दाखवतो. "हे टाळण्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजरने काय करायला हवं होतं?" एवढंच. आता परिणाम तपासणं, रिक्वेस्ट भरणं, सगळं बाद, कारण ते फोन आल्यानंतरचं आहे. आता उत्तर असणार की सुरुवातीलाच, किकऑफच्या वेळी, बदल मागायची पद्धत सगळ्या स्टेकहोल्डरना समजावून त्यांची मान्यता घ्यायला हवी होती. गोष्ट वाचून होईपर्यंत आपण मनात उत्तर ठरवून टाकतो आणि शेवटची ओळ नुसती चाळतो, म्हणून मी शेवटची ओळ आधी वाचायचो. आधी शेवटची ओळ, मग गोष्ट, मग पर्याय. दोन-तीन दिवस विचित्र वाटतं, पेपर मागून वाचायला घेतल्यासारखं, मग सवय होते.

त्या शेवटच्या ओळीत "सगळ्यात आधी" आहे की "सगळ्यात चांगलं काय" आहे ह्यात पण जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि क्लासवाले तो धड सांगत नाहीत. "आधी" विचारलं असेल तर बाकीचे तीन पर्याय मेले नाहीत, ते नंतर होणारच आहेत, त्यामुळे तुम्ही लहानसं, साधं, कंटाळवाणं उत्तर बिनधास्त निवडू शकता, नुसतं "माहिती काढा" सुद्धा. पण "सगळ्यात चांगलं" विचारलं असेल तर समजा की तुम्हाला एकच गोष्ट करायला मिळणार आहे आणि ती करून तुम्ही घरी जाणार, बाकी तीन कधीच होणार नाहीत. मग नुसतं "माहिती काढा" पुरत नाही, कारण माहिती काढून प्रॉब्लेम तसाच पडून राहिला. तिथे मुळावर घाव घालणारं उत्तर लागतं. ट्रेनमध्ये हे सांगितल्यावर भाऊ बोलला, "म्हणजे आधीवाल्यात पहिला मासा, चांगल्यावाल्यात मोठा मासा." उपमा त्याची, मी काही बोललो नाही.

आता क्लासचा विषय निघालाच आहे तर थोडी भडास. मी ज्या क्लासला गेलो होतो, नाव घेत नाही, तिथे परीक्षेच्या अर्जाला लागणारे शिकवणीचे 35 तास भरून द्यायचे आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ टाकायचे, त्यात नियमांची ही मोठी यादी. "वरच्याकडे कधीच जाऊ नका." "आधी नेहमी तपासा." "टीमशी बोला असं उत्तर असेल तर तेच मारा." यादी अगदीच टाकाऊ नव्हती, नवख्याला सुरुवातीला आधार मिळतो, पण प्रत्येक नियम जिथे मोडतो नेमका तिथलाच प्रश्न पेपरात येतो, आणि तो नियम का आहे हे माहीत नसेल तर तो कुठे मोडतो हे कळणार कसं?

"आधी तपासा" हा नियम घ्या. त्यामागचं कारण एवढंच की माहिती नसताना निर्णय घेऊ नये. पण माहिती आणि निर्णय दोन्ही आधीच तयार असतील तर? समजा पनवेलजवळ एक गोडाऊन बांधायचं काम आहे, जुलैतल्या पावसाने रस्ता बंद पडून सामानाचा ट्रक अडकेल ही शक्यता टीमने सुरुवातीलाच ओळखून रिस्क रजिस्टरमध्ये लिहिली होती आणि असं झालं तर जवळच्या दुसऱ्या सप्लायरकडून माल उचलायचा हेही ठरवून ठेवलं होतं. पाऊस आला, ट्रक अडकला. सगळ्यात आधी काय? पर्यायांत "परिणाम तपासा" असणार, "टीमची मीटिंग घ्या" असणार, "स्पॉन्सरला कळवा" असणार, आणि "ठरलेला उपाय अमलात आणा" हेही असणार. उत्तर शेवटचं. विचार करून झालाय, आता दुसऱ्या सप्लायरला फोन लावा, एवढंच उरलंय. मीटिंग घेत बसलात तर तो रजिस्टर लिहिला कशाला होता?

पण प्रश्नात फक्त एवढंच लिहिलंय की पावसामुळे ट्रक अडकला, आणि ही शक्यता कोणी ओळखली होती असा उल्लेखच नाही, तर मग ती अचानक समोर आलेली अडचण झाली. ती इश्यू लॉगमध्ये नोंदवायची, परिणाम बघायचा, मग मार्ग काढायचा. आणि ट्रक अजून अडकलेला नाहीच, नुसतं वेधशाळेने इशारा दिलाय असं असेल तर ती अजून रिस्क आहे, म्हणजे रिस्क रजिस्टरकडे जायचं, इश्यू लॉगकडे नाही. तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि गोष्टीत फरक काय तर "आधीच ओळखली होती" आणि "झालं की होणार आहे". हे शब्द प्रश्नात कधीही ठळक नसतात, मधल्याच कुठल्यातरी वाक्यात गपचूप बसलेले असतात.

जिवाचा प्रश्न असेल तिथे तर सगळंच उलटं. साइटवरचा परांचा हलतोय आणि वर चार माणसं काम करतायत, तर काम थांबवून माणसं खाली उतरवायची, मग काय तपासायचं ते तपासा. पीडीएफवाल्या माणसाने तिथे पण "मूळ कारण शोधा" मारलं असतं.

"वरच्याकडे कधीच जाऊ नका" हा दुसरा. ह्यामागचं कारण असं की जे तुमच्या हातात आहे ते तुम्ही सोडवा, दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. म्हणून सुरुवातीला "स्पॉन्सरला सांगा" हे बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. पण प्रश्नात असं आलं की तुम्हाला मंजूर झालेला टेस्टर दुसऱ्या डिपार्टमेंटचा मॅनेजर सोडत नाहीये, तुम्ही त्याच्याशी दोनदा बोललात, मधला मार्ग सुचवलात, तो नाहीच म्हणाला, आणि त्याच्यावर तुमचा अधिकार चालत नाही, तर मग तिसऱ्यांदा "पुन्हा बोलून बघा" हे उत्तर नाही. आता स्पॉन्सरकडे जायचं. तुमच्या पायऱ्या संपल्या म्हणून जायचं, घाबरून नाही. इथे पण तेच, काय-काय करून झालंय ते मोजा.

कायद्याची भीती दाखवणारा एक प्रकार असतो. "सरकारी नियम बदलला म्हणून बिलावर एक नवीन रकाना आणणं सक्तीचं झालंय." आपल्याला वाटतं सक्तीचं आहे म्हणजे चर्चा कसली, लगेच करा. नाही. सक्तीचं असलं तरी किती दिवस आणि किती पैसे लागणार हे बघावंच लागतं आणि चेंज रिक्वेस्टचा रस्ता चुकत नाही. सक्तीमुळे बोर्ड "नको" म्हणणार नाही एवढाच काय तो फरक.

आता वेळेचं. मी दिला त्या पॅटर्नमध्ये 180 प्रश्न आणि 230 मिनिटं, मधे दहा-दहा मिनिटांचे दोन ब्रेक. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आसपास. ब्रेक घेतला की आधीचे प्रश्न बंद, मागे जाता येत नाही, त्यामुळे "नंतर बघू" म्हणून खूण केलेले प्रश्न ब्रेकच्या आधीच निपटवायचे. (पॅटर्न अधूनमधून बदलतो, फी भरायच्या आधी ही परीक्षा घेणाऱ्या पीएमआयच्या साइटवर चालू माहिती बघून घ्या.) सव्वा मिनिटात हे सगळं कसं करायचं असं वाटेल, पण प्रत्येक प्रश्नाला लागत नाही, बरेच प्रश्न सरळ असतात. अडकलात की मनातल्या मनात चार पर्यायांना एक-दोन-तीन-चार नंबर द्या, कुठल्या क्रमाने कराल तसे, मग प्रश्नात जे झालंय ते खोडा, उरलेल्यातला पहिला नंबर उचला. आणि पर्यायांत असा एखादा असतो जो ह्या रांगेत कुठेच बसत नाही, तो बहुतेक करून फालतूच असतो, म्हणजे "टीम मेंबरला काढून टाका" किंवा "काहीच न करता वाट बघा" वगैरे.

पहिलं मारलेलं उत्तर बदलावं का? माझा नियम साधा होता, गोष्टीतला एखादा शब्द सुटला होता हे बोट ठेवून दाखवता आलं तरच बदलायचं. नुसतं "आता हे पण बरोबर वाटतंय" हे कारण नाही, कारण चारही बरोबर वाटणारच आहेत, ते तसेच बनवलेले असतात.

अनुभवी माणसाला ह्या पेपरात जास्त त्रास होतो हेही खरं. आपल्याकडे अकाउंट्सच्या साहेबांनी फोन केला की "करून टाक रे, कशाला वाकडं घ्यायचं" हाच शहाणपणा असतो, आणि दर वेळी तो चुकीचाही नसतो. पण पेपरातल्या ऑफिसात बोर्ड वेळेवर भेटतं, प्लॅन खरा असतो, आणि प्रोजेक्ट मॅनेजरला निवांत बसून परिणाम बघायला वेळ मिळतो. त्या ऑफिसात नोकरी करतोय असं समजून उत्तरं द्यायची. अनुभव फेकून द्या असं मी म्हणत नाही, उलट वर बोर्डाने काय विचारलं असतं, साहेबांना काय सांगितलं असतं, हे सगळं अनुभवानेच सुचलं. फक्त "आमच्याकडे असं चालतं" हे वाक्य हॉलच्या बाहेरच्या लॉकरमध्ये मोबाइलसोबत ठेवून जा.

मॉक सोडवताना एक वही केली होती, जुनी दोनशे पानी, पोराची उरलेली. त्यात चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहायचो नाही, कुठला शब्द वाचायचा राहिला तो लिहायचो. "आधीच", "मंजूर", "प्रॉडक्ट ओनर", "हवं होतं", "दोनदा बोलून झालं". काही दिवसांनी तेच-तेच शब्द यायला लागले आणि मला कळलं की माझं नॉलेज कमी नव्हतं, घाईत हे पाच-सात शब्द सुटत होते. सगळ्यांचं असंच असेल असं नाही. वहीत जर शब्दांऐवजी "ही पायरीच माहीत नव्हती" असं वारंवार येत असेल, तर मॉक बाजूला ठेवून पुन्हा अभ्यासाला बसायचं, तिथे युक्त्या कामाच्या नाहीत.

भावाला ही वही दिली आहे. काल सकाळी चढल्या-चढल्या त्याने त्याच हॉस्पिटलच्या प्रश्नाचा स्वतःचा एक अवतार माझ्यासमोर टाकला. डेव्हलपरने न विचारता काम करून टाकलंय, टेस्ट सिस्टिमवर चढवलंय पण, आणि अकाउंट्स हेड खूश आहेत. सगळ्यात आधी काय? पर्याय त्याचेच: काढून टाकायला सांगा, डेव्हलपरला समज द्या, नेमकं काय बदललंय आणि त्याचा परिणाम काय ते तपासा, चेंज रिक्वेस्ट भरा.

तो म्हणे काढून टाका, मंजुरी नव्हती ना. मी म्हटलं काढून टाकणं हाही एक बदलच आहे रे, त्याच्यावर अजून कोणाचं काम उभं राहिलं असेल तर? तपास आधी, मग रिक्वेस्ट, मग ठेवायचं की काढायचं ते बोर्ड ठरवेल. तो म्हणाला, "आणि डेव्हलपरला कधी झापायचं?" तेवढ्यात ठाणे आलं आणि तो गर्दीबरोबर बाहेर फेकला गेला.